गोमोरीचा कट मारला आणि खरं उत्तरच कापलं गेलं, असं कसं?

चिंचपेटी
ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर तोंडावर आलाय आणि हे एकच गणित काल रात्रीपासून डोकं खातंय. गणित साधं आहे, सुतारकामाचं. देव्हारा करायला 2 शीट प्लाय आणि 1 दिवस लागतो, पाळण्याला 1 शीट आणि 3 दिवस. हातात 9 शीट आणि 11 दिवस आहेत. देव्हाऱ्यामागे 400 रुपये सुटतात, पाळण्यामागे 500. x देव्हारे, y पाळणे, दोन्ही पूर्णांक हवेत, आणि पद्धत कटिंग प्लेनचीच वापरायची असं पेपरात स्पष्ट लिहिलेलं असतं.

```
max 4x + 5y      (शंभर रुपयांत)
2x +  y + s1 = 9
 x + 3y + s2 = 11
```

सिम्प्लेक्स लावून x = 3.2, y = 2.6 आणि नफा 2580 आला, इथपर्यंत सगळ्यांचं जुळलं. शेवटच्या टॅब्लोच्या ओळी अशा:

```
x + 3/5 s1 - 1/5 s2 = 16/5
y - 1/5 s1 + 2/5 s2 = 13/5
```

आता y चा अपूर्णांक मोठा म्हणून ती ओळ घेतली, अपूर्णांक तेवढे उचलले आणि 1/5 s1 + 2/5 s2 ≥ 3/5 असा कट लावला. ड्युअल सिम्प्लेक्स केलं तर x = 3.5, y = 2 आलं, नफा 2400. परत कट लावला तर x = 3 झाला पण y झाला 2.28, म्हणजे जो सुधारला होता तोच बिघडला. तिथे कंटाळून मी (3, 2) धरलं, नफा 2200. आणि माझ्या रूममेटने पाठकोऱ्या कागदावर आकडे टाकून बघून सांगितलं की (2, 3) घे, शीट 7 लागतात, दिवस बरोब्बर 11, नफा 2300. ती कॉमर्सची आहे हो. मग एवढी टॅब्लोची उठाठेव करून मला कमी का मिळालं?

पावशेर
अगं कट मारायचा असतो फक्त अपूर्णांकवाला कोपरा काढायला, त्यात पूर्णांक उत्तरं कधीच जात नाहीत, तो नियमच आहे. म्हणजे तुझा कट बरोबर असणार, पुढे ड्युअल सिम्प्लेक्समध्ये पिव्हट चुकला असेल, रेशो नीट बघ. आमच्या वेळी 10 पैकी 8 जणांचं तिथेच जायचं. आणि ओळ निवडताना मोठ्यात मोठा अपूर्णांक घ्यायचा तो नियम तू पाळलायस, तिथे काही खोट नाही.

रंधा
मंडळी, मी स्वतः फर्निचरवाला, वर्कशॉप आहे, म्हणून बोलतो. यात गणित आहेच कुठे? 2.6 पाळणे म्हणजे दोन पूर्ण झाले आणि तिसऱ्याचे दांडे कापून सांगाडा उभा राहिला, राहिलेलं पुढच्या आठवड्यात. आमच्याकडे शनिवारी कायम काहीतरी अर्धवट असतंच. 3.2 आणि 2.6 हेच खरं उत्तर आहे, 2580 सोडून 2300 वर का यायचं उगाच?

सावली_दुपारची
रंधादादा, तुमचं म्हणणं तुमच्या दुकानापुरतं अगदी बरोबर आहे. दर आठवड्याला तेच काम चालू राहणार असेल तर 2.6 ही सरासरी आहे आणि तिथे पूर्णांकाचा हट्ट धरायचं कारणच नाही. पण इथे 11 दिवसांनी गाळा रिकामा करून द्यायचाय असं समजा, अर्धा पाळणा कोण विकत घेणार? गणित त्या बाजूचं आहे.

चिंचपेटी, पिव्हट ठीक आहे तुझा, कटच चुकलाय. y च्या ओळीत s1 चा सहगुणक −1/5 आहे आणि तू त्याचा अपूर्णांकी भाग 1/5 धरलास. तो 4/5 आहे. अपूर्णांकी भाग म्हणजे त्या संख्येच्या लगेच खालचा पूर्णांक वजा करून जे उरतं ते, आणि −1/5 च्या खालचा पूर्णांक −1 आहे, 0 नाही. −1/5 वजा −1 बरोबर 4/5.

हे नुसतं पाठ करू नकोस, का ते बघ, दोन ओळींचं आहे. −1/5 s1 हे −s1 + 4/5 s1 असं लिही. मग ओळ अशी होते:

```
y - s1 - 2 = 3/5 - 4/5 s1 - 2/5 s2
```

डावीकडे सगळे पूर्णांक, कारण y पूर्णांक हवाय आणि s1 म्हणजे उरलेल्या शीट, त्याही पूर्णच उरणार. म्हणजे उजवी बाजूही पूर्णांक असलीच पाहिजे. पण s1, s2 शून्याखाली जात नाहीत म्हणून उजवी बाजू 3/5 च्या वर जाऊच शकत नाही, आणि 3/5 च्या खालचा पहिला पूर्णांक 0. म्हणून 4/5 s1 + 2/5 s2 ≥ 3/5. एवढाच सगळा युक्तिवाद आहे. तुझ्या 1/5 ने तो उभाच राहत नाही, कारण −1/5 s1 मधून पूर्णांक वेगळा काढून 1/5 s1 उरेल असं करताच येत नाही.

आता तुझ्या कटने काय केलं ते बघ. s1 = 9 − 2x − y आणि s2 = 11 − x − 3y घालून मूळ x, y मध्ये आण, 4x + 7y ≤ 28 मिळतं. त्यात (2, 3) टाक. 8 + 21 = 29. एका आकड्याने तुझ्या रूममेटचं उत्तर बाहेर फेकलं गेलं. त्यानंतर तू कितीही कट मारले असतेस तरी जास्तीत जास्त (3, 2) आणि 2200 वरच पोचली असतीस.

चिंचपेटी
अर्रर्र. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये "पूर्ण भाग सोडून द्या, अपूर्णांक ठेवा" एवढंच लिहिलंय आणि सोडवलेल्या उदाहरणांत ऋण सहगुणक एकदाही आलेला नाही. ताई, पण मग मला कसं कळणार होतं? दरवेळी काही रूममेट नसणार शेजारी.

पावशेर
ओके ओके, म्हणजे बरोबर काढलेल्या कटमध्ये पूर्णांक उत्तरं जात नाहीत असं म्हणायला हवं होतं मी. तत्त्व तेच आहे.

सावली_दुपारची
कळायच्या दोन खुणा आहेत आणि दोन्ही तुझ्या वहीत आत्ताही दिसतील.

पहिली अशी की कटचा नवा स्लॅक, त्याला g1 म्हणू, मूळ x, y मध्ये लिहून बघायचा. बरोबर कटमध्ये सहगुणक पूर्णांकच येतात. आपल्या 4/5 वाल्या कटला g1 = 11 − 2x − 2y येतो, स्वच्छ. तुझ्या कटला येतो (28 − 4x − 7y)/5, तो पाच काही केल्या जात नाही. ज्या स्लॅकबद्दल तो पूर्णांक आहे अशी खात्रीच देता येत नाही त्याच्या जिवावर पुढचा कट काढला की तो आणखी भरकटतो.

दुसरी खूण छेदांची. मूळ आकडे पूर्णांक असतील तर टॅब्लोतले सगळे अपूर्णांक एका ठरावीक छेदात बसतात. इथे सुरुवातीला तो 5 आहे, कारण 2×3 − 1×1 = 5. दर कटला पिव्हटचा आकडा 1 पेक्षा लहान असतो आणि छेद त्या पिव्हटने गुणला जातो, म्हणजे छेद उतरतच जायला हवा. तुझ्या पहिल्या कटनंतर x च्या ओळीत 7/10 आलाय की नाही बघ. छेद 5 वरून 10 वर चढला की तिथेच थांबायचं, कुठेतरी घोळ झालाय.

चिंचपेटी
हो!! 7/10 आहे. आणि त्याच्या पुढच्या टॅब्लोत सातवाले छेद आहेत, मला वाटलं असंच असतं. थांबा, आता बरोबर कट घेऊन करते.

चिंचपेटी
केलं. लिहिते, कुणीतरी तपासा.

4/5 s1 + 2/5 s2 ≥ 3/5 लावला. रेशो s1 चा 7/4 आणि s2 चा 3, म्हणून s1 आत. x = 2.75, y = 2.75, नफा 2475. छेद 4, म्हणजे उतरला, शाब्बास मी. पण इथे एक विचित्र झालं, दोघांचे अपूर्णांक सारखेच 3/4, मग कुठली ओळ घ्यायची म्हणून दोन्हींचे कट काढले तर दोन्ही सेम आले, 1/2 s2 + 3/4 g1 ≥ 3/4. s1 च्या ओळीचा काढला, तोही तोच! हे चुकलंय का?

तसंच पुढे गेले. s2 आत, x = 3.5, y = 2, नफा 2400, छेद 2. म्हणजे चुकीच्या कटने मी जिथे पहिल्याच फटक्यात आले होते तिथेच आता दुसऱ्या कटला आले, हे बघून पोटात गोळा आला होता. पण मग x च्या ओळीतून 1/2 g1 ≥ 1/2 आला, म्हणजे g1 ≥ 1, आणि तो लावला की x = 2, y = 3, नफा 2300. संपलं. तीन कट.

सावली_दुपारची
सगळं बरोबर. सगळ्या ओळींनी एकच कट देणं चूक नाही, छेद लहान झाला की अपूर्णांकांना फिरायला जागाच कमी उरते, मग असं होतं. वहीत छेद बघ, 5, 4, 2, 1. एकावर आला की अपूर्णांक उरूच शकत नाही.

तुझे तीन कट x, y मध्ये लिहून आलेखावर काढ, मजा आहे. पहिला 2x + 2y ≤ 11, दुसरा 2x + 3y ≤ 13, तिसरा g1 ≥ 1 म्हणजे x + y ≤ 5. पहिला आणि तिसरा शेजारी ठेवून बघ जरा.

टिपकागद
थांबा, पहिला म्हणजे x + y ≤ 5.5 ना. x आणि y पूर्णांक आहेत तर बेरीज साडेपाच कशी होईल, सरळ 5 लिहायचं की. मग तिसरा कट पहिल्याच वेळी हातात आला असता?

सावली_दुपारची
आलाच असता. आणि असं करणं पूर्ण वैध आहे, सहगुणकांना सामाईक भाजक असेल तर भागायचं आणि उजवी बाजू खाली उतरवायची. गोमोरीचा यांत्रिक नियम ते आपणहून करत नाही, तो टॅब्लोत जे दिसतं तेवढंच बघतो, म्हणून तीच रेघ अर्ध्याने सरकवायला त्याला आणखी दोन कट लागले. हाताने करताना दर कट x, y मध्ये आणून भाजक बघायची सवय लावली तर बरेच कष्ट वाचतात. परीक्षेत मात्र असं का केलं ते एका वाक्यात लिही, नाहीतर तपासणारा बुचकळ्यात पडेल.

तिरपा_डोळा
तीन कटसुद्धा जास्तच झाले. z ची ओळ कोणीच का बघत नाहीये? नफ्याचे आकडे 4 आणि 5 पूर्णांक, x, y पूर्णांक, म्हणजे z पण पूर्णांकच हवा, आणि तो 25.8 आलाय. त्याचा अपूर्णांक 4/5, y च्या 3/5 पेक्षा मोठा. पावशेर यांचा मोठ्या अपूर्णांकाचा नियम नीट पाळायचा तर तीच ओळ घ्यायला हवी होती.

```
z + 7/5 s1 + 6/5 s2 = 129/5
कट: 2/5 s1 + 1/5 s2 ≥ 4/5
```

x, y मध्ये आणा, थेट x + y ≤ 5. एका पिव्हटमध्ये x = 2, y = 3, z = 23. खेळ खलास.

चिंचपेटी
पण माझ्या z च्या ओळीत अपूर्णांकच नाहीयेत! 140, 120 आणि 2580 आहे.

तिरपा_डोळा
कारण तुम्ही टॅब्लोत नफा रुपयांत लिहिलाय, वर प्रश्नात शंभरात लिहिला असला तरी. रुपयांत 2580 हा पूर्णांकच, मग कट कुठून निघणार. पण 400 आणि 500 यांच्या कुठल्याही पूर्णांक मिश्रणाचा नफा शंभराच्या पटीतच येतो, ही माहिती रुपयांत लिहिलं की झाकली जाते. सहगुणकांचा सामाईक भाजक काढून टाकला की ओळ बोलायला लागते. उलट नफा 412.35 वगैरे असेल तर z च्या ओळीला हात लावू नका, म्हणजे पैशात करून लावता येईल पण मग फारसं काही कापलं जात नाही.

पावशेर
मग माझा नियम बरोबरच होता ना 😀 मोठा अपूर्णांक घ्या, कमी कट लागतात. x ची ओळ घेतली असती तर 1/5 च होता.

सावली_दुपारची
या गणितात जमलं. x ची ओळ घेतली तर कट येतो 2x + 3y ≤ 14, नफा 2580 वरून फक्त 2550, y वाल्याने 2475 आणि z वाल्याने 2300. म्हणजे क्रम नियमाप्रमाणेच लागला. पण त्याला नियम म्हणू नका, अंदाज म्हणा. कट किती खोल जातो हे नुसत्या उजव्या बाजूच्या अपूर्णांकावर ठरत नाही, डावीकडचे सहगुणक केवढे आहेत यावरही ठरतं. डावीकडे सगळे 9/10 वगैरे असतील तर उजवीकडचा मोठा अपूर्णांकही फार पुढे नेत नाही.

आणि ही पद्धत कधीतरी संपेलच याची जी सिद्धता आहे ती मोठ्या अपूर्णांकाच्या नियमाची नाहीच. तिथे z ला सगळ्यात वरची ओळ धरतात, वरून खाली येताना जी पहिली अपूर्णांकवाली ओळ दिसेल तिचाच कट घेतात आणि रेशो सारखे आले तर पिव्हट कोशक्रमाने निवडतात. त्या हिशोबानेही इथे z चीच ओळ येते.

तिरपा_डोळा
गोमोरी प्रिन्स्टनला असताना 1958 साली हे मांडलं. तो अमेरिकन नौदलाचा सल्लागार होता आणि तिथे एका सादरीकरणात उत्तर 1.3 विमानवाहू जहाजं असं काहीतरी आलं, तेव्हा सादर करणाऱ्यांपैकीच एक जण म्हणाला की पूर्णांकात मिळालं तर बरं होईल. रंधाभाऊंच्या पाळण्यासारखं ते पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नव्हतं बहुतेक.

रंधा
जहाजाचंही तसंच असतं हो, गोदीत वर्षानुवर्षं अर्धवट उभी असतात. पण ठीक आहे, समजलं. आता माझीच अडचण विचारतो, हसू नका. माझ्याकडे हिशोब तासांत असतो, दिवसांत नाही. एका वस्तूला 1.5 तास पॉलिशिंग, दुसरीला 1 तास, पॉलिशवाला एकूण 7.5 तास देतो. शिवाय पॉलिश लिटरमध्ये विकत घ्यायचं, 2.3 लिटर पण चालतं. हे असं कटात बसतं का?

टिपकागद
हे मला माहितेय कारण मी याच्यात आपटलोय, कोड लिहून. 1.5 x + y ≤ 7.5 तसाच ठेवला तर उरलेला वेळ अर्ध्या तासाचा असू शकतो, म्हणजे स्लॅक पूर्णांक नाही, म्हणजे वर सावलीताईंनी सांगितलेला सगळा युक्तिवाद तिथेच कोसळतो. आधी दोनने गुणायचं, 3x + 2y ≤ 15, मग पुढे. कोड काहीही तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो हा त्यातला खरा वैताग.

दुसरं कोडमधलंच. अपूर्णांकी भाग काढायला मी सुरुवातीला `a - int(a)` लिहिलं होतं, ते −0.2 ला −0.2 च देतं. चिंचपेटीचा घोळ मशीनने केला एवढंच. पायथनमध्ये `a % 1` किंवा `floor` वापरलं तर 0.8 येतं, पण `math.fmod` परत −0.2 देतं. एक्सेलमध्ये `INT` खाली जातं म्हणून ठीक आहे, `TRUNC` नाही चालत. आणि दशांशात तर ठेवूच नका, हे चालवून बघा:

```
from fractions import Fraction as F
from math import floor

def frac(a):
    return a - floor(a)

print(frac(-1e-17))
print([str(frac(a)) for a in (F(-1,5), F(2,5), F(13,5))])
```

पहिली ओळ 1.0 छापते. म्हणजे जो सहगुणक खरंतर शून्य होता, फक्त गणितातल्या कचऱ्याने किंचित खाली सरकला, त्याचा अपूर्णांक एकदम 1. हेच उजव्या बाजूला झालं, 3 च्या जागी 2.9999999 आलं, की जिथे कटची गरजच नाही तिथे कट पडतो आणि खरं उत्तर उडू शकतं. Fraction ने 4/5, 2/5, 3/5 स्वच्छ येतं.

पावशेर
पण मोठी सॉफ्टवेअरं तर दशांशातच चालतात ना? मग तिथे कसं चालतं?

सावली_दुपारची
तिथे बरीच राखण असते. अपूर्णांक 0 किंवा 1 च्या फार जवळ असेल तर त्या ओळीचा कट घेत नाहीत, सहगुणकांमध्ये फार मोठा आणि फार लहान असे दोन्ही असतील तर कट टाकून देतात, आणि एकावर एक कट रचत बसत नाहीत. थोडे मारायचे, मग फांद्या पाडून शोध. नुसत्या कटांवर शेवटपर्यंत जायला गेलं की कट एकमेकांना जवळजवळ समांतर व्हायला लागतात, नफा दशांशाच्या तिसऱ्या घरात हलतो आणि टॅब्लो बिघडतो. त्यामुळे कित्येक वर्षं हे कट नुसते पुस्तकातच राहिले होते, 1996 मध्ये एगॉन बालास आणि सहकाऱ्यांनी एका ओळीऐवजी सगळ्या अपूर्णांक ओळींचे कट एकदम टाकून आणि फांद्यांची जोड देऊन दाखवलं की चालतात, मग परत आले.

रंधादादा, तुमचं तासांचं टिपकागदने सांगितलंच. लिटरचं वेगळं आहे. जो चल पूर्णांक नसला तरी चालतो त्याला 4/5 वाली युक्ती लावताच येत नाही, कारण त्यातून पूर्णांक वेगळा काढून डावीकडे टाकायची मुभा नाही. त्यासाठी गोमोरीचाच मिश्र कट आहे. तिथे धन सहगुणक आहे तसाच राहतो आणि ऋण सहगुणकाचं चिन्ह काढून त्याला उजवीकडचा अपूर्णांक भागिले एक वजा तो अपूर्णांक, एवढ्याने गुणायचं. आपल्या y च्या ओळीत s1 तसा असता तर 1/5 गुणिले 3/5 भागिले 2/5, म्हणजे 3/10.

गंमत म्हणजे पूर्णांक चलालाही हा आकडा वैध आहे, आणि 4/5 पेक्षा 3/10 लहान म्हणजे कट जास्त कडक. 3/10 s1 + 2/5 s2 ≥ 3/5 हा x, y मध्ये आणलात तर 2x + 3y ≤ 13 येतो. चिंचपेटीला जो दुसऱ्या कटला मिळाला तो पहिल्यालाच.

चिंचपेटी
म्हणजे 1/5 पण चूक, 4/5 बरोबर, आणि 3/10 जास्त बरोबर 🙈 हे परीक्षेत लिहिणार नाहीये मी. एक शेवटचं, z च्या ओळीतून कट काढला तर मार्क मिळतात का? एका कटमध्ये सुटत असेल तर मी तेच करणार.

पावशेर
आमच्या कॉलेजात कापायचे. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात x किंवा y ची ओळ असायची आणि त्याच्याशी जुळवून बघायचे.

तिरपा_डोळा
मी शिकवायचो तेव्हा पूर्ण मार्क दिलेत. फक्त z पूर्णांक का हे लिहिलेलं पाहिजे, नुसती ओळ उचलून कट मारलेला असेल तर मीही कापीन.

सावली_दुपारची
तुमच्या पेपरात "सगळ्यात मोठ्या अपूर्णांकाची ओळ घ्या" असं वाक्य असेल तर ते चलांच्या ओळींबद्दलच आहे असं बरेच जण धरतात, काही z सकट धरतात. तुझ्या सरांना आधी विचार. वेळ असेल तर y वाले तीन कटच कर, त्यात टॅब्लोनिहाय मार्क असतात.

रंधा
सावलीताई, तो भागिले एक वजा वाला प्रकार जरा माझ्या पॉलिशवर करून दाखवाल का? देव्हारा अर्धा लिटर, पाळणा पाऊण लिटर, डबा पाच लिटरचाच मिळतो पण उरलेलं ठेवता येतं. यात पूर्णांक कोण आणि लिटरवाला कोण तेच कळेना.

टिपकागद
यात डबे पण पूर्णांकच की मग. तीन चल झाले, x, y आणि डबे. उरलेलं पॉलिश लिटरमध्ये. चारने गुणून लिहा, 2x + 3y ≤ 20 × डबे, सगळे आकडे पूर्णांक झाले, म्हणजे स्लॅक पण पूर्णांक, पाव लिटरच्या मापात. तुमच्या केसला मिश्र कट लागतच नाही बहुतेक. पाव लिटरपेक्षा बारीक माप लागत असेल तर सांगा.

रंधा
ब्रशला लागतं ते कुठे मोजतो कोण. पाव लिटर चालेल.